एकच जॉब, तीन निकाल : शिरोलीतल्या लीक टेस्ट मशीनवर अ‍ॅनालॉग कार्डाच्या पायरीनं केलेला घोळ

शिरोली एमआयडीसीत एक मशिन शॉप आहे, नाव लिहीत नाही. फाउंड्रीतनं आलेलं पंपाचं हौसिंग तिथं मशिनिंग होतं, धुतलं जातं आणि पाठवायच्या आधी हवेनं लीक टेस्ट होतं. त्या टेस्ट मशीनचं पॅनल आणि पीएलसीचा प्रोग्राम माझा. मशीन लागून चारेक महिने झाले असतील, तेवढ्यात गिऱ्हाइकाकडून काही जॉब परत आले. त्यांनी पाण्यात बुडवून बघितलं तर बुडबुडे येत होते, आणि आमच्या रेकॉर्डला तेच जॉब पास. मालकांचा फोन आला, मी दुपारीच पोचलो.

परत आलेल्यातला एक जॉब घेतला, फिक्स्चरवर क्लॅम्प केला, टेस्ट लावली. पास. परत लावली, फेल. तिसऱ्यांदा परत पास. जॉब तोच, सील तेच, मधे कुणी हातसुद्धा लावला नव्हता. पहिला संशय अर्थातच सीलवर गेला, मग व्हॉल्व्हवर, मग फिटिंगला साबणाचं पाणी लावून बघितलं. दोन तास त्यातच गेले आणि सापडलं काही नाही.

खरी खूण सांगितली ती मशीनवरच्या मामांनी, आठ तास त्यांच्या नजरेसमोर तोच स्क्रीन असतो. म्हणाले, "साहेब, ह्यो आकडा मधल्यावर कधी थांबतच न्हाई बघा. एक तर शून्य, न्हाईतर दोन पॉइंट नऊ. लईच गळका जॉब असला तर पाच पॉइंट आठ. दीड, दोन असं मी कधीच बघितलं न्हाई."

हे ऐकल्यावर मी सील सोडलं आणि पीएलसीच्या अ‍ॅनालॉग कार्डाकडं वळलो, सेन्सरकडनं आलेल्या करंटचा आकडा करून देणारं ते.

आधी टेस्ट कशी चालते ते सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. जॉबमधे २ बार हवा भरायची, व्हॉल्व्ह बंद करायचा, दाब स्थिर व्हायला थोडा वेळ द्यायचा आणि मग २० सेकंदात दाब किती पडला ते मोजायचं. गिऱ्हाइकानं परवानगी दिलेली गळती मिनिटाला ६ सीसी, म्हणजे सेकंदाला ०.१ सीसी, वातावरणाच्या दाबाला मोजलेली. जॉबची पोकळी आणि नळी मिळून आतली जागा साधारण १ लिटर. मग २० सेकंदात २ सीसी हवा बाहेर जाते आणि दाब पडतो तो असा :

```
dP = Q * Patm * t / V
   = 0.1 cc/s * 1013 mbar * 20 s / 1000 cc
   = 2.03 mbar
```

म्हणजे २ मिलीबारच्या वर पडला की फेल, आत राहिला की पास. २ बारातनं २ मिलीबार, हजारातला एक भाग. हा आकडा मी प्रोग्राम लिहिताना लिमिट म्हणून टाकला होता, पण तो कार्डाला दिसतो का हा प्रश्न मी तेव्हा स्वतःला विचारला नव्हता.

दाब मोजून तो करंटच्या रूपात कार्डाला पाठवणारा ट्रान्समीटर होता ० ते १० बारचा, ४ ते २० मिलिअँपिअरवाला. १० बारचा का, तर शॉपची हवेची लाइन ६ बारची आणि मालकांना पुढं जास्त दाबाचे जॉबही त्याच मशीनवर घ्यायचे होते. कार्ड होतं १२ बिट अधिक साइन. आणि कंट्रोलर, म्हणजे पीएलसी असा, की त्यात ४ ते २० मिलिअँपिअर म्हणजे ० ते २७६४८ असा आकडा येतो, सिमेन्सवर काम करणाऱ्यांना हा आकडा झोपेतनं उठवून विचारला तरी सांगता येईल. आता २७६४८ हा आकडा बघितला की डोक्यात सरळ भागाकार होतो : १० बार भागिले २७६४८, म्हणजे ०.३६ मिलीबार. २ मिलीबारचं लिमिट म्हणजे पाच-साडेपाच काउंट, चालून जाईल असं वाटतं. मलाही तसंच वाटलं होतं.

पण २७६४८ हे फक्त मोजपट्टीवर छापलेले आकडे आहेत, त्या पट्टीवर खरोखर किती रेघा आहेत ते बिट ठरवतात. कंट्रोलरमधला शब्द १६ बिटचा, त्यातला एक बिट साइनचा, राहिले १५. कार्ड १२ बिटचंच असेल तर ते आपले १२ बिट डाव्या बाजूला लावून ठेवतं आणि उजवीकडचे ३ बिट कायम शून्य राहतात. तीन बिट शून्य म्हणजे आकडा १-१ नं वाढत नाही, ८-८ नं उडी मारतो. ५५२८ नंतर थेट ५५३६, मधलं काही नाहीच. यात सोय एवढीच की उद्या जास्त बिटचं कार्ड लावलं तरी प्रोग्रामातलं स्केलिंग बदलावं लागत नाही. पण त्याच सोयीमुळं कार्डाचा जाडेपणा प्रोग्राममधे कुठं दिसतसुद्धा नाही.

मग खऱ्या पायऱ्या किती, तर २७६४८ भागिले ८, म्हणजे ३४५६. (१२ बिटच्या ४०९६ होतात, पण वरच्या काही पायऱ्या २० मिलिअँपिअरच्या वर गेलेला सिग्नल दिसावा म्हणून राखून ठेवलेल्या असतात, त्या आपल्या रेंजमधे येत नाहीत.) १० बार भागिले ३४५६ म्हणजे २.८९ मिलीबार. मामांचा दोन पॉइंट नऊ हाच. आमचं लिमिट २ मिलीबार आणि कंट्रोलरला दिसू शकणारा लहानात लहान बदल २.९ मिलीबार. ज्या पट्टीवर इंचाच्याच रेघा आहेत तिच्यावर आम्ही सूत मोजायला बसलो होतो.

हिशोब कागदावर जमला, पण मालकांना आणि मलाही तो डोळ्यानं बघायचा होता, म्हणून दुसऱ्या दिवशी हवा तेवढा करंट सोडणारा लूप कॅलिब्रेटर घेऊन गेलो. ट्रान्समीटरची वायर काढली, त्याजागी कॅलिब्रेटर लावला, कार्डाच्या सेटिंगमधला फिल्टर बंद केला (तो चालू असला तर सरासरीमुळं मधले खोटे आकडे दिसू शकतात) आणि स्केलिंगच्या आधीचा कच्चा आकडा स्क्रीनवर उघडा ठेवला. २ बार म्हणजे ७.२ मिलिअँपिअर, तिथनं ०.००१ नं वर चढत गेलो :

```
7.200 mA   5528
7.201 mA   5528
7.203 mA   5528
7.204 mA   5536
7.206 mA   5536
7.208 mA   5536
7.209 mA   5544
```

चार-पाच वेळा बटण दाबलं तरी आकडा ढिम्म, आणि मग एकदम ८ ची उडी. कार्डाकार्डात उडीची जागा थोडी मागंपुढं होईल, पण उडीचा आकार तोच राहतो. मालक शेजारी उभे होते, त्यांना एवढ्यावरच सगळं समजलं. कॅटलॉगमधली बिटची ओळ वाचून समजत नसेल, किंवा जुन्या पॅनलमधे कुठलं कार्ड आहे तेच माहीत नसेल, तर ही दहा मिनिटांची टेस्ट करावी, शेवटचा आकडा किती-कितीनं उडतो ते बघावं आणि तेवढ्या उडीचं बारमधे, डिग्रीमधे, किलोमधे काय होतं ते काढावं. काही कार्डांत तर बिटची संख्या कन्व्हर्जनचा वेळ किती ठेवलाय त्यावर ठरते, वेळ कमी केला की बिटही कमी होतात, त्यामुळं खोक्यावरच्या आकड्यापेक्षा तुमच्या सेटिंगमधला खरा आकडा बघितलेला बरा.

आता तोच जॉब पास-फेल-पास का होत होता ते बघा. हवा भरून व्हॉल्व्ह बंद केला की दाब दर वेळी अगदी २.०००० वर थांबत नाही, थोडा इकडं तिकडं थांबतो, म्हणजे सुरुवात २.८९ मिलीबारच्या पायरीत कुठंही होऊ शकते, वरच्या काठाजवळ, मधे किंवा खालच्या काठाजवळ. समजा गळती २.५ मिलीबारची आहे, म्हणजे जॉब नक्की खराब आहे. सुरुवात पायरीच्या अगदी वरच्या काठाला झाली तर २.५ पडूनसुद्धा दाब त्याच पायरीत राहतो, कंट्रोलरला शून्य दिसतं आणि जॉब पास होतो. ०.३९ भागिले २.८९, म्हणजे शंभरातल्या १३ वेळा असं होणार. उलट चांगला जॉब घ्या, फक्त १ मिलीबार पडणारा. तो शंभरातल्या ३५ वेळा काठ ओलांडतो, स्क्रीनवर २.९ येतो आणि चांगला असून फेल होतो.

म्हणजे चांगले जॉब भरपूर फेल होत होते आणि खराब थोडे पास होत होते. पण गिऱ्हाइकापर्यंत खराब जॉब पोचले ते एवढ्यानं नाही. मशीनवर नियम असा पडला होता की फेल झाला तर सील पुसून दोनदा परत लावायचा, तिन्हीत एकदा जरी पास झाला तरी पुढं ढकलायचा. नियम कुणी वाईट हेतूनं केला नव्हता, चांगले जॉब उगाच फेल होतायत हे मामांना अनुभवानं कळलं होतं आणि त्यांचं बरोबरच होतं. पण २.५ मिलीबारच्या जॉबला तीन वेळा संधी दिली की निदान एकदा पास व्हायची शक्यता १३ वरनं ३५ टक्क्यांवर जाते. अगदी २ मिलीबारच्या काठावरचा जॉब तर तीनात एकदा पास व्हायची शक्यता ६७ टक्के. कार्डाच्या पायरीनं पहिल्यांदा चुकवलं आणि रिटेस्टनं ती चूक तिप्पट करून बाहेर पाठवली. रिटेस्टचा नियम मी त्याच दिवशी बंद करायला लावला, कार्ड बदलायच्या आधी.

मधे एक उपाय करून बघितला तो फसला, तोही सांगतो, कारण हा सल्ला हमखास मिळतो. एका मित्रानं सांगितलं की सरासरी घे, शंभर सॅम्पल घेतलेस की बारीक आकडा मिळेल. घेतली, काही फरक नाही. कारण आमचा सिग्नल शांत होता, हवा बंद जागेत अडकलेली, त्यात खळबळ पायरीपेक्षा कितीतरी कमी, मग शंभरच्या शंभर सॅम्पल ५५२८ च आणि त्यांची सरासरीही ५५२८. सरासरीनं बारकाई वाढते ती सिग्नलची आपली थरथर पायरीएवढी किंवा जास्त असेल तेव्हाच, कारण मग आकडा दोन-तीन पायऱ्यांवर सारखा खालीवर होतो आणि कुठल्या पायरीवर किती वेळ राहिला यातनं मधली जागा कळते. आधी स्क्रीनवरचा आकडा दगडासारखा स्थिर दिसायचा तेव्हा मी खूश होतो, सेन्सर किती छान आहे म्हणून. पण तो स्थिरपणा जाड पायरीचा होता. स्क्रीनवर तीन दशांश दाखवणंही असंच फसवं, १.९९९ नंतर थेट २.००२ येतंय हे चालत्या मशीनवर कोण बघत बसणार.

टेस्टचा वेळ वाढवायचाही विचार झाला. २० सेकंदाचे २०० केले तर लिमिट २० मिलीबार होतं आणि ते सातेक पायऱ्या व्यापतं. पण लाइनवर एका जॉबला पाऊण मिनिट मिळतं, तिथं साडेतीन मिनिटं कोण देणार.

मग राहिले दोन रस्ते : पायऱ्या वाढवायच्या, नाहीतर तेवढ्याच पायऱ्या कमी रेंजवर पसरायच्या. नुसतं १६ बिटचं कार्ड घेतलं, म्हणजे १५ बिट अधिक साइन, तर आकडा खरोखर १-१ नं चालतो आणि १० बारवर पायरी ०.३६ मिलीबार होते, लिमिटमधे साडेपाच पायऱ्या. नुसता ट्रान्समीटर ० ते २.५ बारचा घेतला आणि कार्ड जुनंच ठेवलं तर पायरी ०.७२, लिमिटमधे पावणेतीन. दोन्ही बदललं तर पायरी ०.०९ मिलीबार आणि लिमिटमधे २२ पायऱ्या. माझा स्वतःचा हिशोब असा आहे की ज्या आकड्यावर पास-फेल ठरतं त्यात निदान १० पायऱ्या मावल्या पाहिजेत, कारण सुरुवात आणि शेवट दोन्ही वाचताना एकेक पायरीची चूक होऊ शकते आणि वरनं सिग्नलची थरथर असतेच. तेव्हा दोन्ही बदलायचं ठरलं. जास्त दाबाच्या जॉबला लागेल तेव्हा वेगळा ट्रान्समीटर लावू, असं मालकांना पटवलं. एकाच सेन्सरवर सगळं करायच्या नादात आम्ही रेंजचा चार पंचमांश भाग रिकामा ठेवून पायऱ्या वाया घालवत होतो.

२.५ बारच्या ट्रान्समीटरला धोका एकच. रेग्युलेटर बिघडला तर ६ बारची लाइन थेट त्याच्यावर येईल, म्हणून तो जास्तीत जास्त किती दाब सोसतो ते डेटाशीटमधे बघून घेतलं आणि एक रिलीफ व्हॉल्व्ह बसवला. हा व्हॉल्व्ह भरणीच्या बाजूला लावायचा, जॉबच्या बाजूला नाही, हे लक्षात ठेवा. जॉबच्या बाजूला लावला तर तो स्वतः जेवढा झिरपेल तेवढं प्रत्येक जॉबच्या गळतीत मिसळणार, आणि आता मशीनला तेवढंही दिसणार.

आणखी एक शंका मालकांनी काढली आणि ती योग्य होती : ट्रान्समीटरची अचूकताच अर्धा टक्का आहे, २.५ बारचा अर्धा टक्का म्हणजे साडेबारा मिलीबार, मग ०.०९ च्या पायरीला अर्थ काय? अर्थ आहे, कारण आपण दाब किती आहे हे विचारत नाही, २० सेकंदात किती बदलला हे विचारतोय. ट्रान्समीटर १० मिलीबार जास्त दाखवत असेल तर सुरुवातीला आणि शेवटी सारखाच जास्त दाखवतो, वजाबाकीत ते उडून जातं. पण ट्रान्समीटरच्या आत डिजिटल सर्किट असेल तर त्याच्या आउटपुटला स्वतःच्या पायऱ्या असतात, आणि त्या कार्डापेक्षा जाड असल्या तर कार्ड कितीही बिटचं घ्या, फुकट. म्हणून घ्यायच्या आधी दुकानदाराकडून तोही आकडा मागून घेतला.

नवीन कार्ड बसलं, पहिला जॉब लावला आणि स्क्रीनवर आकडा पहिल्यांदाच हलताना दिसला, शेवटचे दोन-तीन काउंट सारखे खालीवर. मामा म्हणाले, "ह्यो तर थरथरतोय की!" थरथर पाव मिलीबारच्या आसपासची, आणि आता मात्र एका सेकंदाची सरासरी कामाला आली, कारण थरथर पायरीपेक्षा मोठी होती.

मग वेगळीच गोष्ट दिसायला लागली. सकाळचे जॉब ठीक यायचे आणि दुपारी वॉशिंग मशीनमधनं गरम गरम आलेले जॉब ओळीनं फेल. त्यांना तासभर बाजूला ठेवून लावलं की पास. हे गळतीचं नव्हतं, तापमानाचं होतं. आतली हवा गरम जॉबनं तापते आणि मग जॉब निवेल तशी निवते. निरपेक्ष दाब साधारण ३ बार आणि तापमान ३०० केल्विनच्या आसपास धरलं तर १ डिग्रीला १० मिलीबार, म्हणजे आमचं सगळं लिमिट हवेच्या ०.२ डिग्रीत संपतं. जुन्या कार्डाला हे दिसलंच नसतं असं नाही, दिसत होतं, पण तेही २.९ च्या पायरीत गोळा होऊन गळती म्हणूनच नोंदलं जात होतं. आता धुतलेले जॉब रॅकवर निवत ठेवतात आणि स्थिर व्हायचा वेळ ८ सेकंदांवरनं १५ केलाय. याच्या पुढं जायचं असेल तर बिट वाढवून उपयोग नाही, तिथं जॉबच्या शेजारी एक न गळणारा मास्टर जॉब ठेवून दोघांच्या दाबातला फरकच मोजायचा. फरक मोजणारा २० मिलीबारचा ट्रान्समीटर घेतला तर जुन्या १२ बिट कार्डावरसुद्धा पायरी ०.००६ मिलीबारची होते आणि दोन्ही जॉब एकाच तापमानाला असले तर निवण्याचा परिणामही बराचसा कटतो. तयार लीक टेस्टरमधे ही पद्धत वापरतात ती यासाठीच. आम्हाला या जॉबला तेवढी गरज पडली नाही.

परत आलेले जॉब नव्या सेटिंगवर प्रत्येकी पाच वेळा लावले. पहिल्या दिवशी ज्यानं पास-फेल-पास केलं होतं त्याचे आकडे आले २.४, २.५, २.४, २.६, २.४. पाचही वेळा फेल. आता मशीनवर एक छोटं मास्टर लीक लावून ठेवलंय, मिनिटाला ६ सीसी सोडणारं, आणि मामा शिफ्ट सुरू झाली की चांगल्या जॉबवर ते जोडून एक टेस्ट घेतात. स्क्रीनवर दोनाच्या आसपास आकडा आला तरच पहिला जॉब क्लॅम्प होतो.